एमयूएसचं सॅम्पल दरवर्षी कमी भरतंय? आधी जमा बाक्या बघा

"मॅडम, साठ हिट यायला हवेत, पंचावन्नच आलेत. खालच्या पाच ओळी #N/A दाखवतायत."

क्लायंटच्या अंबडच्या गोडाऊनमध्ये ऑडिटचा तिसरा दिवस होता. आमच्या आर्टिकलने लॅपटॉप माझ्याकडे वळवला. #N/A वर माझी नजर थांबलीच नाही, कारण त्याआधी मला दुसरंच काहीतरी खटकलं. यादीत निफाडचं दुकान नव्हतं. बाकी ₹८,१०,०००, आणि आम्ही इंटर्व्हल घेतला होता ₹७,५०,०००. इंटर्व्हलपेक्षा मोठी बाकी मॉनेटरी युनिट सॅम्पलिंगमध्ये, म्हणजे एमयूएसमध्ये, सुटूच शकत नाही. ती सुटली याचा अर्थ पाच हिट कमी पडले एवढाच नव्हता, सगळी निवडच संशयास्पद होती.

मागच्या दोन वर्षांच्या फायली उघडल्या. गेल्या वर्षी कुणीतरी त्याच सूत्राला IFERROR लावून #N/A रिकामे करून टाकले होते. त्याच्या आदल्या वर्षी तर एकूण बाकीला साठने भागून इंटर्व्हलच लहान केलेला, म्हणजे बरोबर साठ हिट भरतात. दोन्ही वर्षी वर्किंग पेपरवर सह्या आहेत, एकीवर माझीच. म्हणून हे सविस्तर लिहून ठेवतेय. डेटर्सच्या यादीवर एमयूएस चालवणाऱ्या बऱ्याच ऑफिसांत हा घोळ असणार, फक्त दिसत नसणार.

आधी क्लायंटचा धंदा कळायला हवा, कारण आजाराचं मूळ तिथेच आहे. हे डिस्ट्रिब्युटर द्राक्षबागांची औषधं आणि खतं विकतात. त्यांच्या पार्ट्या म्हणजे जिल्हाभरातली कृषी सेवा केंद्रं. एप्रिलमध्ये खरड छाटणी सुरू होते, म्हणून दुकानदार मार्चमध्येच बुकिंगचे पैसे भरून ठेवतात. माल एप्रिलमध्ये उचलतात. त्यामुळे ३१ मार्चला काही खात्यांवर येणं नसतं, उलट जमा बाकी असते. आमच्या यादीत २३१ पार्ट्या होत्या: २१२ नावे बाकीच्या, एकूण ₹४,५०,००,०००, आणि १९ जमा बाकीच्या, एकूण ₹३८,००,०००. ट्रायल बॅलन्समध्ये डेटर्सचा एकच आकडा होता, ₹४,१२,००,०००. वजाबाकी होऊन आलेला.

आता निवड कशी होते ते थोडक्यात. एमयूएसमध्ये आपण पार्टी निवडत नाही, रुपया निवडतो. साडेचार कोटी रुपये एका रांगेत उभे केले आहेत आणि दर साडेसात लाखाव्या रुपयाला हात लावतोय असं समजा. तो रुपया ज्या पार्टीच्या बाकीत असेल ती पार्टी सॅम्पलमध्ये, आणि हात लावलेला प्रत्येक रुपया म्हणजे एक हिट. त्यामुळे ₹८५,००० बाकीच्या दुकानाला साधारण ११ टक्के संधी, ₹३,९०,००० वाल्याला ५२ टक्के, आणि साडेसात लाख किंवा वरच्याला शंभर टक्के. आमचा इंटर्व्हल असा निघाला: सहन करता येईल अशी चूक ₹२२,५०,०००, ९५ टक्के विश्वासपातळीला आणि शून्य चूक अपेक्षित धरून फॅक्टर ३, भागाकार ₹७,५०,०००. साडेचार कोटीला त्याने भागलं की साठ हिट.

रुपयांची ही रांग एक्सेलमध्ये म्हणजे फिरती बेरीज, प्रत्येक ओळीपर्यंतचा एकूण. आणि इथेच जमा बाकी घुसली की रांग उलटी चालायला लागते.

जुनं सूत्र असं होतं. G कॉलममध्ये हिटचे रुपये, C मध्ये फिरती बेरीज:

```
=INDEX($A$2:$A$232,MATCH(TRUE,INDEX($C$2:$C$232>=G2,0),0))
```

म्हणजे ज्या ओळीवर फिरती बेरीज त्या रुपयाला पहिल्यांदा गाठते ती पार्टी उचल. सूत्र चूक नाही. फिरती बेरीज कायम वाढतच जाईल हे त्याने गृहीत धरलंय, तेवढंच. यादीच्या सुरुवातीच्या नऊ ओळी खाली देतेय. पार्ट्यांची नावं काढून गावं ठेवली आहेत. रँडम स्टार्ट ₹३,२०,००० आला होता, म्हणून हिटचे रुपये ३,२०,०००, १०,७०,०००, १८,२०,०००, २५,७०,०००, ३३,२०,०००, ४०,७०,००० असे पुढे जातात.

| पार्टी | बाकी | फिरती बेरीज | जुन्या सूत्राने लागलेले हिट |
|---|---|---|---|
| चांदवड | २,१०,००० | २,१०,००० | – |
| दिंडोरी | ९,४०,००० | ११,५०,००० | ३,२०,००० आणि १०,७०,००० |
| घोटी | ८५,००० | १२,३५,००० | – |
| कळवण | ४,३०,००० | १६,६५,००० | – |
| लासलगाव | ११,२०,००० | २७,८५,००० | १८,२०,००० आणि २५,७०,००० |
| मनमाड | −८,६०,००० | १९,२५,००० | – |
| निफाड | ८,१०,००० | २७,३५,००० | – |
| ओझर | २,४०,००० | २९,७५,००० | – |
| सटाणा | ३,९०,००० | ३३,६५,००० | ३३,२०,००० |

मनमाडच्या ओळीवर बोट ठेवा. लासलगावपर्यंत बेरीज २७,८५,००० झाली होती, मनमाडच्या बुकिंगने ती १९,२५,००० वर खाली आली. पुढे निफाड तिला पुन्हा २७,३५,००० पर्यंत चढवतं. निफाडच्या पट्ट्यात २५,७०,००० हा हिट येतो, पण तो आधीच लासलगावच्या नावावर लागून गेलाय. एकदा चाललेल्या रस्त्यावरूनच निफाड चालतंय, आणि त्या रस्त्यावरचा रुपया आता कुणाचा उरलेला नाही. ओझरच्या सुरुवातीच्या ₹५०,००० चंही तसंच, फक्त ते लहान असल्यामुळे कुणाला जाणवत नाही.

म्हणजे मोठ्या जमा बाकीच्या लगेच खाली यादीत जो येतो तो झाकला जातो. यादी इंग्रजी अक्षरक्रमाने असते, त्यामुळे मनमाडनंतर निफाड हे दरवर्षी तसंच राहणार. मनमाडचा दुकानदार मार्चमध्ये दरवर्षी बुकिंग करतो. निफाडच्या खात्याला गेल्या दोन वर्षांतही बाकी जुळते का विचारणारं कन्फर्मेशनचं पत्र गेलेलं नाही हे मी फायलींत बघितलं, तेव्हा पोटात गोळा आला.

आणि शेवटचे पाच #N/A? रांगच ४,१२,००,००० वर संपली. ५५ वा हिट ४,०८,२०,००० वर आहे, ५६ वा ४,१५,७०,००० वर. तो गाठायला रांगेत रुपयेच नाहीत.

आता आदल्या वर्षीची ती 'दुरुस्ती' बघा. ४,१२,००,००० भागिले ६० असा इंटर्व्हल घेतला तर साठच्या साठ हिट लागतात, एकही #N/A दिसत नाही, आणि निवड तेवढीच चुकीची राहते, कारण बेरीज मनमाडला अजूनही खाली येतेच आहे. मला ही दुरुस्ती IFERROR पेक्षा जास्त घातक वाटते. IFERROR मध्ये निदान रिकाम्या ओळी दिसतात.

काही ऑफिसांत वरच्याऐवजी `MATCH(G2,C:C,1)` वापरतात. तिथे तर काय उचललं जाईल याचा नेमच नाही, कारण शेवटचा 1 म्हणजे "कॉलम चढत्या क्रमाने लावलेला आहे" असं एक्सेलला दिलेलं वचन. ते मोडलं की उत्तर येतं, पण कुठलं ते सांगता येत नाही.

उपाय सूत्रात नाही, यादीत आहे. जमा बाक्या आणि शून्य बाक्या निवडीच्या यादीतून आधी बाहेर काढायच्या आणि वेगळ्या शीटवर ठेवायच्या. उरलेल्या २१२ ओळींवर फिरती बेरीज करायची. सूत्रही मी बदललं, पण ते दुसऱ्या कारणासाठी: प्रत्येक ओळीवर किती हिट लागले ते थेट मोजणारं सूत्र चूक लपवत नाही.

```
C2:  =SUM($B$2:B2)
D2:  =INT((C2-$F$2)/$F$1)-INT((C2-B2-$F$2)/$F$1)
```

F1 मध्ये इंटर्व्हल, F2 मध्ये रँडम स्टार्ट. दिंडोरीच्या ओळीवर D मध्ये 2 येतो, घोटीला 0. यातली गंमत अशी की चुकून जमा बाकी राहिलीच तर हे सूत्र त्या ओळीवर -1 दाखवू शकतं. मुद्दाम जुन्या यादीवर चालवून बघितलं, मनमाडसमोर -1 आला. उणे एक वेळा निवडलेली पार्टी! आर्टिकल हसला, पण त्याला कारण लगेच समजलं, मला वेगळं शिकवावं लागलं नाही. फक्त एक ध्यानात ठेवा: छोटी जमा बाकी हिटच्या रुपयावरून मागे गेली नाही तर तिथे 0 च दिसेल, म्हणून -1 नाही म्हणजे सगळं ठीक असं धरू नका.

नव्या यादीत लासलगावपर्यंत काहीच बदललं नाही. मनमाड गेल्यामुळे निफाड २७,८५,००० पासून ३५,९५,००० पर्यंत आलं आणि ३३,२०,००० चा हिट त्याला लागला. ओझर ३८,३५,००० वर थांबतं, त्याला काही नाही. सटाणा ४२,२५,००० वर, त्यात ४०,७०,०००. पुढे जाऊन शेवटचा, साठावा हिट ४,४५,७०,००० वर लागला आणि रांग ४,५०,००,००० वर संपली.

शीटच्या डोक्यावर मी आता तीन सेल कायम ठेवते. कुणी कितीही घाईत असलं तरी ते बघितल्याशिवाय कन्फर्मेशनची पत्रं निघत नाहीत.

```
=COUNTIF(B2:B213,"<=0")
=SUM(D2:D213)
=COUNTIFS(B2:B213,">="&F1,D2:D213,0)
```

पहिल्यात 0 हवा. दुसऱ्यात ठरलेले हिट. एकूण बाकीला इंटर्व्हलने निःशेष भाग जात नसेल तर एखादा कमी-जास्त चालतो, पाच नाही. तिसरा सगळ्यात महत्त्वाचा. इंटर्व्हलएवढी किंवा मोठी बाकी असून एकही हिट नाही अशा पार्ट्या तो मोजतो, आणि तिथे 0 सोडून काहीही आलं की निवड रद्द. जुन्या पद्धतीत हा एक सेल असता तर पहिल्याच वर्षी पकडलं असतं.

यादी टॅलीतून एक्सपोर्ट करत असाल तर आणखी एक खड्डा आहे. काही रिपोर्टमध्ये नावे आणि जमा असे दोन कॉलम वेगळे येतात, तिथे प्रश्न नाही. पण जिथे एकाच कॉलममध्ये आकड्यापुढे Dr किंवा Cr दिसतं, तिथे ते अक्षर बहुतेक वेळा सेलच्या फॉरमॅटमध्ये असतं, आकड्यात नसतं. सेलवर क्लिक करून वर फॉर्म्युला बारमध्ये बघा. तिथे 860000 एवढंच दिसलं तर एक्सेलच्या लेखी मनमाडकडून आठ लाख साठ हजार येणं आहे. अशी यादी वापरली तर बेरीज कुठेच खाली येत नाही, -1 नाही, #N/A नाही, आणि ठरलेले हिट याच यादीच्या एकूणावरून काढले असतील तर वरचे तिन्ही सेल हसतमुख. फक्त एकूण ४,८८,००,००० होतो. म्हणून निवडीआधी एकूण जुळवायचाच: नावे बाक्यांचा एकूण वजा जमा बाक्यांचा एकूण बरोबर ट्रायल बॅलन्स. आमच्याकडे तीन एकूण शक्य होते, ४५०, ४१२ आणि ४८८ लाख. आपली रांग यातल्या कुठल्यावर संपतेय हे बघितलं की आजार कुठला ते निम्मं कळतं.

रँडम स्टार्टबद्दल थोडक्यात. F2 मध्ये `=RANDBETWEEN(1,F1)` तसंच ठेवू नका. फाईल उघडली किंवा कुठल्याही सेलमध्ये काही टाइप केलं की तो आकडा बदलतो आणि सगळी निवड बदलते. पत्रं एका यादीवर गेली आणि वर्किंग पेपरमध्ये दुसरीच यादी, हे मी स्वतः पाहिलंय. आकडा आला की लगेच कॉपी करून व्हॅल्यू म्हणून पेस्ट करायचा, शेजारी तारीख आणि कुणी काढला ते. आवडत नाही म्हणून पुन्हा काढायचा नाही.

एक गोष्ट मात्र बिघाड नसून बिघाडासारखी दिसते. हिट साठ, पण पार्ट्या आमच्या त्रेचाळीसच निघाल्या. "सतरा कमी पडले, आणखी सतरा घेऊ का?" असा प्रश्न दर वर्षी येतो. नाही. लासलगावसारख्या खात्याला दोन हिट लागलेत, ते एकदाच तपासायचं आणि दोन्ही हिट भागले. मोठ्या खात्यांकडे झुकणं हाच या पद्धतीचा हेतू आहे. हाताने सतरा पार्ट्या भरल्या तर त्या या सॅम्पलचा भाग नसतात, त्यांच्यावरून बाकीच्या डेटर्सबद्दल गणित मांडता येत नाही.

बाजूला काढलेल्या जमा बाक्यांचं काय करायचं? इथे लोक दोन टोकांना जातात. एक तर त्या विसरतात, नाही तर उणे चिन्ह काढून त्याच यादीत परत घालतात. दुसरं करू नका, कारण तिथला धोकाच वेगळा आहे. नावे बाकीत आपण विचारतो की हे येणं खरंच आहे का, जास्त दाखवलंय का. जमा बाकीत विचारायचं की हे पैसे याच पार्टीचे आहेत का, आणि मालाचं बिल करायचं राहून गेलंय का. आमच्याकडे एकोणीसच होत्या, सगळ्या उघडल्या. मनमाडचे ८,६०,००० बँकेत मार्चच्या शेवटच्या आठवड्यात आलेले, चलनं एप्रिलची, बुकिंगच होतं. बहुतेक तशाच निघाल्या. येवल्याच्या एका खात्यावरची जमा मात्र दुसऱ्याच पार्टीची होती, सारख्या नावाच्या दुकानाची वसुली चुकीच्या खात्यात पडलेली. म्हणजे तिकडे त्या दुसऱ्या पार्टीचं येणं तेवढंच फुगलेलं होतं, आणि निव्वळ आकड्यात दोन्ही चुका एकमेकींना गिळून बसल्या होत्या. ती खात्याची दुरुस्ती करून घेतली. कंपनी असेल तर हे अ‍ॅडव्हान्स ताळेबंदात डेटर्समधून वजा न करता चालू देण्यांत दाखवावे लागतात. म्हणजे ट्रायल बॅलन्सचा तो एक आकडा ताळेबंदात जसाच्या तसा जाणार नाहीये. निवडीसाठी वेगळं काढलंच आहे, तर सादरीकरणही तिथेच सरळ होतं.

आता निकालाकडे येते, कारण सॅम्पल सरळ झाल्यावर दुसरीच तक्रार उभी राहिली, आणि तीही दर वर्षाचीच.

निफाडचं कन्फर्मेशन ₹६,४८,००० चं परत आलं. फरक ₹१,६२,०००. दुकानदाराने न विकलेला माल मार्चअखेर परत पाठवला होता, क्रेडिट नोट एप्रिलमध्ये पडली. सटाण्याला ₹३,९०,००० च्या जागी ₹३,५१,००० असायला हवे होते, ₹३९,००० चा फरक, कारण तेच. बाकी सगळं जुळलं. आर्टिकलचं म्हणणं असं की दोन लाख एक हजारांची चूक, सहन करता येण्यासारखी साडेबावीस लाख, मग पास की!

असं नाही. निफाड इंटर्व्हलपेक्षा मोठं आहे. त्याच्यासारखी सगळी खाती आपण शंभर टक्के तपासली, त्यामुळे तिथली चूक आहे तेवढीच, ₹१,६२,०००. सटाणा मात्र न तपासलेल्या छोट्या खात्यांचंही प्रतिनिधी आहे. त्याच्या बाकीत १० टक्के चूक, म्हणून त्याने ज्या ₹७,५०,००० च्या टप्प्याचं प्रतिनिधित्व केलं त्यातही १० टक्के धरायची: ₹७५,०००. एकोणचाळीस हजारांचे पंचाहत्तर हजार झाले. याच हिशोबाने ₹४०,००० च्या दुकानात ₹१०,००० ची चूक सापडली असती तर २५ टक्के, म्हणजे ₹१,८७,५००. म्हणून छोट्या खात्यातला फरक "किरकोळ आहे" म्हणून कधी सोडू नये.

त्याच्यावर चुकीची कमाल मर्यादा, म्हणजे चूक जास्तीत जास्त किती असू शकते ते. काहीच चूक सापडली नाही तरी ३ गुणिले ७,५०,००० म्हणजे ₹२२,५०,००० ही मूळ अनिश्चितता असतेच. पहिल्या चुकीला फॅक्टर ३ वरून ४.७५ ला जातो, म्हणून पंचाहत्तर हजारांना १.७५ ने गुणायचं: ₹१,३१,२५०. त्यात निफाडचे ₹१,६२,०००. एकूण ₹२५,४३,२५०, आणि सहन करता येईल अशी चूक ₹२२,५०,०००. नापास.

बारकाईने बघा, नापास होणं आधीच ठरलेलं होतं. शून्य चूक अपेक्षित धरून इंटर्व्हल काढला की मूळ अनिश्चितताच सहन करता येणारी सगळी रक्कम खाऊन टाकते. एक रुपयाची चूक निघाली तरी वर जाणार. ज्या धंद्यात मार्चचा परतीचा माल एप्रिलमध्ये नोंदवायची सवय आहे तिथे शून्य धरणं हा भाबडेपणा होता, आणि तो आम्ही तीन वर्षं केला. आधी निफाड झाकलेलंच असायचं, त्यामुळे कळलं नाही.

पुढच्या वर्षासाठी अपेक्षित चूक ₹३,००,००० धरली आहे. ९५ टक्क्यांना तिला १.६ ने फुगवतात, ₹४,८०,०००. साडेबावीस लाखांतून ते वजा केले, उरले ₹१७,७०,०००, भागिले ३, इंटर्व्हल ₹५,९०,०००. बाकी तेवढीच राहिली तर ७७ हिट. सतरा हिटचं जास्तीचं काम आहे. पण निफाडसारखी आणि सटाण्यासारखी चूक पुन्हा निघाली तर मर्यादा १७,७०,००० अधिक ५९,००० चे पावणेदोन पट अधिक १,६२,०००, म्हणजे ₹२०,३५,२५० होते आणि आत बसते.

या वर्षीचं मात्र नुसता इंटर्व्हल बदलून सुटत नव्हतं, सॅम्पल काढून झालेलं होतं. निकाल बघून मागे जाऊन इंटर्व्हल लहान लिहायचा ही लबाडी आहे. सापडलेल्या दोन्ही नोंदी क्लायंटने दुरुस्त केल्या तरी ₹२३,४२,२५० उरत होते. दोन्ही चुकांचं कारण एकच असल्यामुळे आम्ही त्या कारणामागे गेलो. ऑडिट सॅम्पलिंगच्या एसए ५३० या मानकात याला जागा आहे: चुकांना समान धागा असेल तर तो धागा असलेल्या सगळ्या बाबी ओळखून तिथे तपासणी वाढवता येते. गोडाऊनच्या परत मालाच्या रजिस्टरमधली मार्चची प्रत्येक नोंद आणि एप्रिलपासूनच्या सगळ्या क्रेडिट नोटा समोरासमोर लावल्या. दोन दिवस गेले. आणखी काही दुकानांच्या नोंदी निघाल्या, त्या सगळ्या मार्चमध्ये घेतल्या. आता या प्रकारच्या चुकीचा अंदाज लावायची गरज उरली नाही, ती पूर्ण मोजून दुरुस्त झाली होती. सॅम्पलमध्ये दुसऱ्या प्रकारची चूक नव्हतीच, त्यामुळे मर्यादा परत ₹२२,५०,००० वर आली, जिथे ती ठरवलेली होती.

"हा अपवाद होता" असं लिहून सटाण्याचा अंदाज सोडून द्यायचा सल्ला आम्हाला एकाने दिला होता. तो मानला नाही. अपवाद म्हणायला ती चूक बाकी यादीत नाही याची जवळजवळ खात्री लागते, आणि इथे तर रजिस्टर उघडल्यावर तीच चूक पानोपानी दिसत होती.

एवढं सगळं करूनही जे दुकान यादीत शून्य बाकीचं आहे, किंवा ज्याचं येणं खऱ्यापेक्षा कमी लिहिलंय, ते या पद्धतीने हाताला लागत नाही; त्याचे रुपये रांगेत नाहीत किंवा थोडे आहेत. मार्चची चलनं आणि एप्रिलची बिलं आम्ही त्यासाठी वेगळी लावतो. आर्टिकलने ते काम गोडाऊनच्या काट्याशेजारी बसून सुरू केलंय, आणि शीटच्या डोक्यावरचे ते तीन सेल त्याने स्वतःहून लाल-हिरवे करून ठेवलेत.